दहा बाय बाराच्या खोलीत जिम: ट्रेडमिल घ्यावी की रॅक?

वाचकाचे पत्र

आमचं सांगलीवाडीत दोन मजली घर आहे. २०१९ च्या पुरानंतर किमती सामान खाली ठेवायचं नाही असं ठरलंय, म्हणून वरच्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत घरगुती जिम करायची आहे. दार आखूड भिंतीच्या उजव्या टोकाला आहे, ते आत उघडतं, आणि समोरच्या भिंतीला सरकती खिडकी आहे. दुकानदाराने ट्रेडमिल (१७५ बाय ७५ सेंमी), सात फुटी रॉडसह स्क्वॉट रॅक (१२० बाय १२० सेंमी) आणि बेंच अशी यादी दिली आहे. त्याच्या हिशेबाने यात खोलीचा तिसरा हिस्साही भरत नाही. मी आणि माझे मिस्टर (उंची ५ फूट ८ इंच) सकाळी एकाच वेळी व्यायाम करतो. मला चालायचं किंवा सायकल चालवायची असते, त्यांना वजन उचलायचं असतं. सासरे संध्याकाळी मुद्गल फिरवतात. हे सगळं बसेल का आणि कसं मांडावं?

— एक वाचक, सांगली

सल्ला

दुकानदाराची बेरीज बरोबर आहे, पण ती वस्तू नुसत्या ठेवण्याची बेरीज आहे. त्या वापरण्याची बेरीज वेगळी होते आणि त्या बेरजेत ट्रेडमिल व रॅक या दोन्ही गोष्टी तुमच्या खोलीत एकत्र बसत नाहीत. दोघांपैकी एक निवडावी लागेल. मी रॅक ठेवून ट्रेडमिलच्या जागी व्यायामाची सायकल सुचवतो. त्याचे कारण आधी सांगतो आणि मग मांडणीकडे वळतो.

प्रत्येक यंत्राची जागा तीन थरांत मोजावी. पहिला थर म्हणजे यंत्राचे पाय जमिनीवर जेवढी जागा अडवतात तेवढी. दुकानातील कागदावर हाच आकडा असतो. दुसरा थर म्हणजे व्यायाम करताना शरीर, रॉड किंवा यंत्राचा हलणारा भाग जिथपर्यंत पोहोचतो ती जागा. तिसरा थर म्हणजे चढणे, उतरणे, प्लेट लावणे आणि काही चुकले तर सुरक्षित बाजूला होणे यासाठी लागणारी मोकळी जागा. पहिल्या थरात दुसरे काहीही येऊ शकत नाही हे उघड आहे. तिसरा थर मात्र दोन यंत्रांना सामायिक चालतो, पण ती दोन यंत्रे एकाच वेळी वापरात नसतील तरच. एकटा माणूस व्यायाम करणार असेल तर सायकलवरून उतरण्याची जागा आणि रॅकमधून मागे येण्याची जागा एकच असली तरी बिघडत नाही. तुम्ही दोघे सकाळी एकाच वेळी खोलीत असणार, म्हणून तुमच्या बाबतीत ही सवलत नाही, आणि सगळा आराखडा याच एका गोष्टीवर ठरतो.

आता ट्रेडमिलकडे पाहू. तिचा पट्टा माणसाला सतत मागे नेत असतो आणि माणूस त्याच वेगाने पुढे चालत असतो. पाय अडखळला, तोल गेला किंवा फोन उचलायला हात सुटला की पट्टा शरीराला मागच्या टोकावरून बाहेर टाकतो. मागे मोकळी जागा असेल तर माणूस जमिनीवर पडतो आणि पट्ट्यापासून सुटतो. मागे भिंत असेल तर शरीर भिंत आणि चालू पट्टा यांच्यामध्ये अडकते, आणि पट्टा थांबेपर्यंत कातडी घासली जात राहते. कपड्याला लावायची सुरक्षेची दोरी असते, पण ती लावायचा कंटाळा बहुतेकांना येतो. म्हणूनच युरोपीय मानकात ट्रेडमिलच्या मागे यंत्राच्या रुंदीएवढी आणि २ मीटर लांब मोकळी जागा सांगितलेली आहे. उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांतही साधारण एवढीच जागा मागितलेली आढळते. दोन्ही बाजूंना प्रत्येकी निदान ५० सेंमी आणि पुढे प्लग व मोटरच्या हवेसाठी सुमारे १५ सेंमी धरावेत.

तुमची खोली १० बाय १२ म्हणजे ३०५ बाय ३६६ सेंमी. दोन्ही बाजूंच्या स्कर्टिंगची जाडी वजा केली तर हाती साधारण ३०२ बाय ३६२ येतात. लांबीच्या दिशेने ट्रेडमिलचे १७५, पुढचे १५ आणि मागचे २०० मिळून ३९० सेंमी होतात, म्हणजे खोलीपेक्षा २८ सेंमी जास्त. दुकानदार यावर लहान मॉडेल सुचवील. पण १५० सेंमी लांबीचे यंत्र घेतले तरी बेरीज ३६५ होते आणि ३ सेंमी कमीच पडतात. घडीच्या ट्रेडमिलचाही इथे उपयोग नाही, कारण घडी घातल्यावर खोली मोकळी दिसली तरी चालताना मागचे २ मीटर लागतातच. फक्त चालण्यासाठी मिळणारे १४० सेंमीचे सपाट यंत्र ३५५ मध्ये बसते, पण बाजूंच्या मोकळ्या जागेसह तेही खोलीच्या लांबीभर दीड मीटरहून रुंद पट्टा अडवते. उरलेल्या रुंदीत रॅकमध्ये उभे राहून मागे पाऊल टाकता येत नाही. ट्रेडमिलची पाठ उघड्या दाराकडे करून हे २ मीटर दाराबाहेर मोजण्याची युक्तीही काही जण करतात. ती मी मुळीच सुचवणार नाही, कारण त्या दारातून कधीतरी कोणीतरी चहाचा कप घेऊन आत येणारच.

सायकलची गोष्ट वेगळी आहे. तिच्यावरून कोणी मागे फेकले जात नाही. साधारण ११० बाय ५५ सेंमीचे यंत्र, चढण्या-उतरण्यासाठी एका बाजूला ६० सेंमी, आणि दुसऱ्या बाजूला गुडघा व कोपर भिंतीला लागू नये म्हणून १० सेंमी एवढ्यात तिचे काम होते. चालणेच हवे असेल तर तुमच्या घरावर गच्ची असल्यास ती आहे, आणि पावसाळा सोडला तर सकाळचा रस्ताही आहे. वजन उचलण्याला मात्र घरात असा पर्याय नाही, म्हणून माझा कौल रॅकला आहे.

रॅकच्या बाबतीत बहुतेकांची फसगत रॉडमुळे होते. रॅकची रुंदी १२० सेंमी म्हटली जाते, पण तिच्यावर ठेवलेला सात फुटी ऑलिम्पिक रॉड प्रत्यक्षात २२० सेंमी लांब असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर बाहेर येतो. त्याच्या टोकांना प्लेट चढवायच्या तर टोकापलीकडेही हात आणि प्लेट फिरण्याएवढी जागा लागते. आदर्श जागा प्रत्येक बाजूला ६० सेंमी. ४५ पेक्षा कमी असेल तर वजनदार प्लेट तिरपी करून, मनगट वाकवून चढवावी लागते आणि बोटे भिंतीवर घासतात. तुमच्या खोलीच्या आखूड बाजूला रॉड समांतर ठेवला तर ३०२ मधून २२० वजा जाऊन ८२ उरतात, म्हणजे प्रत्येक बाजूला फक्त ४१ सेंमी.

यावर सोपा उपाय असा, की २० किलोच्या २२० सेंमी रॉडऐवजी स्पर्धांमध्ये महिलांसाठी वापरला जाणारा १५ किलोचा २०१ सेंमी लांब रॉड घ्यावा. त्याची केवळ प्लेट लावायची टोके आखूड असतात. प्लेट आतल्या बाजूला जिथे अडते त्या दोन टोकांच्या कड्यांमधील, म्हणजे कॉलरमधील, अंतर दोन्ही रॉडमध्ये सारखेच, १३१ सेंमी, असते, त्यामुळे तो तुमच्या १२० सेंमीच्या रॅकवर व्यवस्थित बसतो आणि प्रत्येक बाजूला ५० सेंमी मिळतात. त्याची दांडी किंचित बारीक असते. तुमच्या यजमानांना त्याची अडचण होऊ नये आणि तुम्हालाही पुढे-मागे तो वापरता येईल. इथे एक सावधगिरी मात्र हवी. दुकानात पाच फुटी रॉड स्वस्तात मिळतो आणि जागा वाचते म्हणून तोच घ्यावासा वाटतो. पण त्याच्या कॉलरमधील अंतर रॅकच्या रुंदीपेक्षा कमी भरते, मग रॉड खांबांवर टेकतच नाही, किंवा जेमतेम टेकून एका बाजूची प्लेट काढताच उलटतो. रॉडची एकूण लांबी विचारून भागत नाही. कॉलरपासून कॉलरपर्यंत टेप लावून स्वतः मोजावे.

आता मांडणी. दाराकडे तोंड करून नव्हे, तर दारात उभे राहून खोलीत पाहा, म्हणजे खिडकीची भिंत समोर येईल. रॅक त्या भिंतीशी, पण भिंतीपासून १५ सेंमी सोडून, रुंदीच्या अगदी मधोमध ठेवावा आणि रॉड खिडकीच्या भिंतीला समांतर राहावा. रॅकचा मागचा भाग भिंतीला चिकटवला तर खिडकी सरकवायला आणि झाडू मारायला हात जात नाही, शिवाय मागच्या बाजूला प्लेट अडकवण्याचे खुंटे असतील तर तेही निकामी होतात. रॅकची खोली १२० आणि हे १५ मिळून १३५ सेंमी झाले. बेंच याच जागेत रॅकच्या आत राहील. डोके खिडकीकडे, पाय खोलीकडे.

रॅकच्या पुढे १०० सेंमी पूर्ण मोकळे ठेवावेत. रॉड खांद्यावर घेऊन दोन छोटी पावले मागे येण्यासाठी आणि उभ्याने वजन डोक्यावर नेण्यासाठी ही जागा लागते. स्क्वॉट शक्यतो रॅकच्या आत, आडव्या सेफ्टी बारच्या दरम्यानच करावे, म्हणजे वजन न पेलल्यास ते बारवर टेकते आणि बाहेरच्या जागेवर ताण येत नाही. तरीही हे १०० सेंमी कमी करू नयेत, कारण थकलेला माणूस पाऊल मोजून टाकत नाही.

इथपर्यंत २३५ सेंमी झाले. उरलेल्या १२७ सेंमीच्या पट्ट्यात, दाराच्या भिंतीला समांतर आणि दारापासून लांबच्या, म्हणजे डाव्या कोपऱ्यात सायकल ठेवावी. भिंतीकडून १०, सायकलचे ५५ आणि उतरण्याचे ६० मिळून १२५ होतात; २ सेंमी शिल्लक राहतात. आडव्या दिशेने सायकलचे ११० गेल्यावर दारापर्यंत १९२ सेंमी राहतात. तुमचे दार ८० सेंमीचे धरले तर ते आत उघडताना जो पाव वर्तुळाचा भाग झाडून काढते तो वगळूनही सव्वातीन फुटांहून जास्त अंतर राहते. दाराच्या त्या पाव वर्तुळात कायमचे काहीही ठेवू नये. ‘तेवढी डंबेलची जोडी ठेवू’ म्हणून सुरुवात होते आणि मग एक दिवस दार अर्धेच उघडते. सायकलवरच्या माणसाचे तोंड दाराकडे ठेवावे, म्हणजे कोणी आत आले तर आधी तुम्हाला दिसेल आणि पाठमोऱ्या यजमानांना तुम्ही हाक मारू शकाल.

या मांडणीत तुमची ६० सेंमीची जागा आणि त्यांची १०० सेंमीची जागा एकमेकांना लागून आहेत, पण एकमेकींत शिरत नाहीत. दोघांनी एकाच वेळी व्यायाम करण्यासाठी एवढे पुरेसे आहे. शिल्लक राहिलेल्या २ सेंमीवर मात्र भरवसा ठेवू नये. कागदावरची खोली आणि प्रत्यक्ष खोली यांत गिलाव्याचा, फरशीच्या कडेचा आणि बांधकामातल्या तिरकेपणाचा फरक असतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी टेप जमिनीलगत, स्कर्टिंगपासून स्कर्टिंगपर्यंत, प्रत्येक दिशेने निदान तीन ठिकाणी धरावी आणि सर्वांत लहान आकडा हिशेबात घ्यावा. ३६२ च्या जागी ३५६ आले तर सायकल आणखी लहान घ्यावी किंवा कमी खोलीचा रॅक शोधावा. रॅकपुढच्या १०० सेंमीला हात लावू नये.

खोलीत ६० बाय ६० सेंमीच्या फरश्या असतील तर तुमचा आलेखाचा कागद जमिनीवर आधीच आखलेला आहे. सांध्यांच्या रेषा धरून खडूने रॅक, सायकल आणि दाराचा पाव वर्तुळाचा भाग काढावा. मग २०१ सेंमी लांबीचा प्लास्टिकचा पाइप रॉड म्हणून यजमानांच्या खांद्यावर द्यावा आणि सायकलच्या चौकोनात तुम्ही खुर्ची टाकून बसावे. त्यांनी पाइप घेऊन दोन पावले मागे यावे, वळावे, टोकाशी जाऊन प्लेट लावल्याचा अभिनय करावा, आणि त्याच वेळी तुम्ही खुर्चीवरून उठून दारापर्यंत जावे. जागा कमी असल्याची खूण चटकन कळते: कोणाला तरी अंग चोरून आडवे व्हावे लागते, मागे पाऊल टाकण्याआधी मान वळवून पाहावे लागते, किंवा पाइपचे टोक भिंतीला खट्कन लागते. पाइपने लागलेला आवाज हसण्यावारी जातो, रॉडने भिंतीचा गिलावा निघतो.

जमिनीचा हिशेब झाला, पण तुमच्या आराखड्यात उंचीचाही एक पेच आहे आणि तो छताच्या पंख्याचा आहे. पंखा नेहमीप्रमाणे खोलीच्या मध्यभागी असेल, तर तो खिडकीच्या भिंतीपासून सुमारे १८१ सेंमीवर येतो. रॅकपुढची जी जागा आपण वजन डोक्यावर नेण्यासाठी राखली आहे, तिच्या तो बरोबर वर आहे. तुमच्या यजमानांच्या उंचीचा माणूस रॉड पूर्ण वर नेतो तेव्हा रॉड जमिनीपासून साधारण २१५ सेंमीवर असतो. मोठी प्लेट ४५ सेंमी व्यासाची असते, म्हणजे तिची वरची कड २३७ च्या आसपास जाते. छत फरशीपासून २९० सेंमीवर असेल आणि दांड्यासह पंखा ३५ सेंमी खाली आला असेल, तर पाती २५५ वर फिरत असतात. मधले अंतर फक्त १८ सेंमी, तेही पंखा डुलत नसेल तर. एवढ्यावर मी विसंबणार नाही. छताचा पंखा काढून टाकावा आणि दाराच्या भिंतीवर, दार उघडण्याच्या वाटेच्या वर, भिंतीचा पंखा लावावा. व्यायाम करणाऱ्याला वारा समोरून किंवा बाजूने लागलेलाच बरा, आणि हे काम सामान येण्याआधी करून घेतलेले सोयीचे, कारण नंतर शिडी ठेवायला जागा राहणार नाही. रॅकवर लोंबकळण्याची दांडी असेल तर तिच्यावर हनुवटी नेताना डोके छतापर्यंत किती जाते तेही एकदा मोजून घ्यावे. रॅक २१० सेंमीचा असेल तर २९० च्या छताखाली अडचण येत नाही.

सासऱ्यांच्या मुद्गलांचा विचार मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. मुद्गल पाठीमागून फिरतो, बाजूने बाहेर येतो आणि डोक्यावरून जातो, त्यामुळे त्याला सर्व बाजूंनी जागा लागते, आणि ती जागा मुद्गलाच्या लांबीवर व फिरवणाऱ्याच्या हातावर ठरते. सासऱ्यांना खोलीत उभे करून, एका हातात मुद्गल धरून हात बाजूला पूर्ण ताणायला सांगावे आणि छातीच्या मध्यापासून मुद्गलाच्या टोकापर्यंत मोजावे. हात ७० सेंमी आणि मुद्गल ७५ सेंमी धरला तर एका बाजूला १४५, दोन्ही बाजूंना २९० सेंमी होतात. ३०२ च्या रुंदीत ते कागदावर मावते, पण प्रत्येक बाजूला ६ सेंमी एवढेच अंतर राहते, समोर किंवा मागे रॅकचे खांब असतात आणि पलीकडे खिडकीची काच असते. घामाने हात निसटला तर मुद्गल कुठे जाईल हे वेगळे सांगायला नको. दोघांच्या व्यायामासाठी आखलेल्या या खोलीत मुद्गल आणू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांना खालच्या मजल्यावरचे अंगण किंवा सोपा द्यावा. पुराच्या भीतीने वर न्यायच्या सामानात मुद्गल येत नाहीत. कृष्णेची पातळी वाढू लागली की जोडी दोन हातांत धरून वर नेता येते.

शेवटी दुकानदाराकडून चार मापे लेखी घ्यावीत: सायकलची पेडल व हँडलसह कमाल लांबी-रुंदी (कागदावर पुष्कळदा फक्त पायांचे माप असते), रॅकची खुंट्यांसह खोली, रॉडची पूर्ण लांबी आणि कॉलरमधील अंतर. बेंच रॅकच्या खांबांमध्ये घालून, त्यावर झोपून, हात लांबवून पाहावे. रॅकचे उभे खांब २ मीटरहून लांब असतात, ते सुटे येतात का आणि तुमच्या जिन्याच्या वळणावरून वर जातात का, हेही आगाऊ रक्कम देण्याआधी विचारून घ्यावे. जोडलेला रॅक दुकानातून तसाच आला तर तो खालच्याच मजल्यावर राहील.